तिसऱ्या पाळीत कॉफी नेमकी कधी प्यावी, आणि तिने अंगातले पाणी खरेच कमी होते का?

घाटवाट (चिपळूण)

नमस्कार मंडळी. मी लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर आहे. आमची पाळी दर आठवड्याला बदलते. तिसरी पाळी रात्री १० ते सकाळी ६ अशी असते. तेथून मोटरसायकलने परशुराम घाट उतरून मी घरी येतो, आंघोळ आणि न्याहारी उरकतो आणि आठच्या सुमारास अंथरुणावर पडतो. या पाळीत मी तीन वेळा कॉफी घेतो: पाळीवर चढताना दहा वाजता, मग एक वाजता, आणि डोळे अगदीच मिटू लागतात तेव्हा पहाटे साडेचारला. झोप पटकन लागते, पण अकराच्या आसपास टक्क जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. संध्याकाळपर्यंत डोके जड राहते.

दुसरी गोष्ट आईने लक्षात आणून दिली. तिचे म्हणणे असे की कॉफी उष्ण असते आणि ती अंगातले पाणी ओढून घेते. पाळी सुटताना माझे तोंड कोरडे पडलेले असते आणि लघवी गडद पिवळी होते, हे खरे आहे. म्हणून दोन प्रश्न विचारतो. कॉफीमुळे शरीरातील पाणी कमी होते का? आणि दिवसा झोपायचे असलेल्या माणसाने शेवटची कॉफी किती वाजता घ्यावी? कॉफी सोडून द्या हा सल्ला कृपया देऊ नये. रिॲक्टरसमोर पेंगणे मला परवडणार नाही.

सुपारीबाग (गुहागर)

आपल्या मातोश्रींचे म्हणणे बरोबर आहे. कॅफिन हे मूत्रल द्रव्य आहे, हे औषधशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात सापडेल. एक कप कॉफी प्यायली की तितकेच किंवा त्याहून अधिक पाणी बाहेर जाते, म्हणून प्रत्येक कपामागे दोन पेले पाणी प्यावे, असा नियम मी स्वतः पाळतो. झोपेच्या बाबतीत इतकेच सांगेन की मध्यरात्रीनंतर कॉफीला हात लावू नये.

निशिगंधा (रत्नागिरी)

मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि माझ्या नोकरीतील बरीच वर्षे रात्रपाळीत गेली आहेत. उत्तर देण्याआधी घाटवाट यांना काही गोष्टी विचारते, कारण त्यांच्यावाचून नुसते अंदाज बांधले जातील. कॉफी कोणती आणि किती मोठ्या भांड्यात घेता? यंत्रातली गोड तयार कॉफी आणि घरून नेलेली शुद्ध इन्स्टंट कॉफी यांत बराच फरक असतो. पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते, तेही पाहावे. चिकोरीत कॅफिन अजिबात नसते. पाळीत घाम किती येतो आणि पाणी किती पिता? लघवीला किती वेळा जाता? आणि खोलीत दिवसा उजेड येतो का?

खाडीकाठ (दाभोळ)

कॉफी उपाशीपोटी घेतली की आम्लपित्त होते, असा माझा अनुभव आहे. दुधाची बंद करून काळी कॉफी सुरू केल्यापासून माझे पोट बरेच कमी झाले. सकाळी उठल्याबरोबर मात्र घेऊ नये.

घाटवाट

खाडीकाठ, पित्ताचा त्रास मला नाही आणि उठल्याबरोबर कॉफी घेण्याचा प्रश्नही नाही, कारण मी उठतो तेव्हा दुपार झालेली असते.

निशिगंधाताई, घरून डबीत शुद्ध इन्स्टंट कॉफी नेतो, चिकोरी नसलेली. मोठ्या स्टीलच्या पेल्यात चमचा भरून, किंबहुना थोडी जास्तच टाकतो. कंट्रोल रूम वातानुकूलित आहे, पण दर फेरीला प्लांटमध्ये जावे लागते आणि तेव्हा अंगावर जाड एप्रन, हातमोजे आणि गमबूट असतात. पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत परत येईपर्यंत बनियन पिळावे लागते. प्लांटमध्ये बाटली नेण्यास मनाई आहे, त्यामुळे पाणी फक्त कंट्रोल रूममध्ये आल्यावर आणि तेही आठवले तर. लघवीला पूर्ण पाळीत एक-दोनदा जातो. खोलीच्या खिडकीला पातळ पडदा आहे.

औषधमात्रा (सावंतवाडी)

मी औषधशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. घाटवाट यांनी दिलेल्या माहितीतच पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, म्हणून आधी पाण्याचे पाहू.

कॅफिन मूत्रल आहे हे सुपारीबाग यांचे विधान खरे आहे. मूत्रपिंडातून सोडियम परत शोषले जाण्याची क्रिया ते थोडी मंद करते, आणि सोडियमबरोबर पाणी बाहेर पडते. परंतु किती मात्रेला आणि कोणाच्या शरीरात, हे विचारल्याशिवाय त्या विधानाला अर्थ उरत नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात झालेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. नेहमी कॉफी पिणाऱ्या पन्नास पुरुषांना एका फेरीत तीन दिवस रोज २०० मिलिलीटरचे चार कप कॉफी आणि दुसऱ्या फेरीत तेवढेच पाणी देण्यात आले. शरीरातील एकूण पाणी आणि चोवीस तासांची लघवी, दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. कॉफीचा कप म्हणजे मुळात जवळजवळ सगळे पाणीच असते, आणि मूत्रल परिणाम झालाच तरी तो त्या पाण्यातील लहानसा भाग काढून नेतो. ‘प्यायलेल्याहून अधिक बाहेर जाते’ हे नेहमीच्या कपाला लागू पडत नाही.

मात्रा खूप वाढवली तर मात्र चित्र बदलते. २०१७ सालच्या एका अभ्यासात एकाच वेळी सुमारे ५४० मिलिग्रॅम कॅफिन असलेली कॉफी दिली, तेव्हा पुढच्या तीन तासांत लघवी स्पष्टपणे वाढली. सुमारे २७० मिलिग्रॅमला ती वाढली नाही. घाटवाट यांच्या पेल्यात, चमचा थोडा जास्त भरला तरी, ८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असावे. त्यांचे तीनही पेले एका दमात प्यायले तरी ती वरची मात्रा गाठली जात नाही.

आता त्यांची गडद लघवी. कॉफीने पाणी काढून नेले असते तर लघवी वारंवार आणि फिक्या रंगाची झाली असती. त्यांना ती पूर्ण पाळीत एक-दोनदा आणि गडद होते आहे, म्हणजे मूत्रपिंडे पाणी धरून ठेवत आहेत आणि पाणी दुसऱ्या वाटेने गेले आहे. ती वाट म्हणजे घाम. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि शरीर आणखी घाम गाळत राहते; त्यावर एप्रन चढवला की काय होते, ते त्यांच्या बनियनाने सांगितलेच आहे.

सुपारीबाग

साहेब, आपले म्हणणे वाचले. परंतु तो प्रयोग रोज कॉफी पिणाऱ्यांवर झाला आणि त्यांना कोणी एप्रन घालून बाष्पकाच्या शेजारी उभे केले नव्हते. माझ्या घरी कधीमधी कॉफी घेणारे पाहुणे येतात, ते पेला रिकामा केल्यावर तासाभरात उठतातच. तो अनुभव खोटा म्हणायचा का?

औषधमात्रा

अनुभव खरा आहे आणि आपला आक्षेपही रास्त आहे. ज्याला कॅफिनची सवय नाही त्याच्यावर मूत्रल परिणाम अधिक दिसतो आणि काही दिवसांच्या नियमित सेवनाने तो ओसरतो. शिवाय पाहुणा पेलाभर द्रव प्यायलेला असतो; तेवढे ताक प्यायला असता तरी बहुधा उठला असता. उष्णतेत आठ तास काम करणाऱ्यांवर बर्मिंगहॅमचा प्रयोग झालेला नाही, हेही मान्य. म्हणूनच घाटवाट यांनी ते स्वतःपुरते मोजून पाहावे असे सुचवतो. पाळीवर चढण्याआधी लघवी करून, हलक्या कपड्यांत वजन करावे. पाळी सुटल्यावर घाम पुसून, पुन्हा लघवी करून, तशाच कपड्यांत परत करावे. एक किलो घटले तर प्यायले त्याहून साधारण एक लिटर पाणी जास्त गेले असे समजावे. कॉफीची एक रात्र आणि बिनकॉफीची एक रात्र असे ताडून पाहिले, तर आपला वाद तिथेच मिटेल.

निशिगंधा

वजनाच्या जोडीला एक व्यवहाराची गोष्ट सांगते. प्रत्येक कपामागे दोन पेले पाणी या नियमाने पाणी कॉफीच्या हिशेबाने प्यायले जाते, घामाच्या हिशेबाने नाही. ज्या रात्री कॉफी कमी आणि फेऱ्या जास्त, त्या रात्री माणूस उलट कोरडा पडेल. त्याऐवजी फेरीला निघण्याआधी एक पेला आणि परत आल्यावर एक पेला असे प्यावे. घाम फार गेला असेल तर घरी आल्यावर उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज घ्यावी. पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जाते आणि जडही होत नाही. झोपायच्या तोंडावर मात्र ढसाढसा पाणी पिऊ नये. तुम्हाला अकराला येणारी जाग लघवीने येते की तशीच, हे एकदा पाहा.

घाटवाट

तशीच येते, ताई. उठून बसावेसे वाटते, छातीत किंचित धडधड असते, आणि पडून राहिले तर विचार सुरू होतात.

औषधमात्रा

मग दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ, आणि तोच या धाग्याचा गाभा आहे असे मला वाटते.

आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि ते आपल्या ठरलेल्या जागांवर बसले की झोप येते. कॅफिन त्या जागा आधीच अडवते, एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकावा तसे. प्रवासी गाडीत उभेच असतात, फक्त त्यांना बसू दिले जात नाही. रुमाल उचलला की सगळे एकदम बसतात. त्यामुळे कॉफीने थकवा जात नाही, तो दिसेनासा होतो आणि नंतर एकदम समोर येतो.

प्रश्न इतकाच की रुमाल किती वेळाने उचलला जातो. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तातील कॅफिन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. हा सरासरीचा आकडा आहे. कोणाला तीन लागतात, कोणाला सात. आपण पाच धरून घाटवाट यांचा हिशेब मांडू. दहा वाजताच्या ८० मिलिग्रॅमपैकी सकाळी आठ वाजता, म्हणजे दहा तासांनी, २० उरतात. एक वाजताच्या पेल्यातील सुमारे ३० उरतात. साडेचारच्या पेल्यातील मात्र जवळजवळ ५० तसेच असतात. बेरीज १०० होते. म्हणजे घाटवाट अंथरुणावर पडतात तेव्हा, नुकताच एक भरलेला पेला रिकामा करून पडल्यासारखी त्यांची अवस्था असते, आणि त्या शंभरातील अर्धा वाटा एकट्या साडेचारच्या पेल्याचा आहे. तो पेला काढून टाकला तर आठ वाजता ५० उरतील.

तरीही त्यांना झोप पटकन लागते, कारण रात्रभराच्या जागरणाने प्रवाशांची गर्दीच इतकी असते की रुमाल पुरे पडत नाहीत. दोन-तीन तासांत ती गर्दी ओसरते. त्याच वेळी शरीराचे घड्याळ दिवसाच्या बाजूने कललेले असते, अंगाचे तापमान चढत असते आणि उरलेल्या कॅफिनला मोकळे रान मिळते. अकराची जाग अशी येते. रात्री झोपणाऱ्या माणसाला मागे उरलेले थोडे कॅफिन पचून जाते, कारण घड्याळ झोपेच्या बाजूने असते. दिवसा झोपणाऱ्याला तो आधार नाही. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०० मिलिग्रॅम कॅफिन देऊन दोन्ही झोपा तपासल्या, तेव्हा जागरणानंतरची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा जास्त बिघडलेली आढळली.

म्हणून माझे मत असे: कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यात घ्यावी आणि झोपेच्या आधी किमान सात तास थांबवावी. आठला झोपणाऱ्याने एक वाजता शेवटचा पेला. सुपारीबाग यांची मध्यरात्रीची मर्यादा यापासून फार दूर नाही. मात्र ती घड्याळाच्या काट्याला न बांधता झोपण्याच्या वेळेला बांधावी; दुपारी एक वाजता झोपणाऱ्या माणसाला पहाटे चारची कॉफीही चालून जाईल.

हर्णैचा तांडेल

मी रात्री ट्रॉलरवर असतो. पहाटे जाळे ओढून झाले की खलाशी कॉफी करतो, बंदराला लागेपर्यंत आणखी एक होते, मासळी उतरवून घरी आलो की सरळ आडवा होतो. मला कधी काही झाले नाही. झोप न लागणे हे डोक्यातल्या काळजीने होते, कॉफीने नव्हे. हे आकडे शिकलेल्या माणसांचे आहेत.

निशिगंधा

तांडेलकाका, एक विचारू का? आपण विडी ओढता का?

हर्णैचा तांडेल

ओढतो. समुद्रावर कोण नाही ओढत. त्याचा इथे काय संबंध?

औषधमात्रा

संबंध आहे, आणि निशिगंधा यांनी नेमक्या जागी बोट ठेवले. तंबाखूच्या धुरातील काही घटकांमुळे यकृतातील ज्या एन्झाइमकडून कॅफिन मोडले जाते त्याचे प्रमाण वाढते, त्यामुळे ओढणाऱ्यांच्या रक्तातून कॅफिन जवळपास दुप्पट वेगाने कमी होते. तांडेल यांच्या शरीरात पाच तासांचे काम तीन तासांच्या आत होत असेल. त्यांचा अनुभव खरा असू शकतो, पण तो घाटवाट यांना उसना देता येणार नाही. उद्या त्यांनी विडी सोडली, आणि सोडावी असे मी म्हणेन, तर काही दिवसांतच तेवढीच कॉफी त्यांना दुप्पट जाणवू लागेल. तेव्हा धडधड झाली की दोष विडी सोडण्याला देऊ नये, कॉफी निम्मी करावी.

दुसरे असे की ‘मला काही होत नाही’ ही साक्ष झोपेच्या बाबतीत फारशी भरवशाची नसते. अमेरिकेतील डेट्रॉइट येथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४०० मिलिग्रॅम कॅफिन झोपण्याच्या वेळी, तीन तास आधी आणि सहा तास आधी देऊन पाहिले. सहा तास आधी घेतलेल्यांचीही झोप यंत्रावर तासाभराहून अधिक घटलेली दिसली. त्यांच्या स्वतःच्या नोंदींत मात्र ती घट तितकी उमटली नव्हती. मात्रा मोठी होती, हे लक्षात घ्यावे. घाटवाट यांच्या ८० ला ते जसेच्या तसे लावू नये.

हर्णैचा तांडेल

विडीचे हे ठाऊक नव्हते. पण काळजीचे मी म्हणालो ते मागे घेत नाही. डिझेलचे पैसे फिटले नाहीत की कॉफीवाचूनही डोळा लागत नाही.

वाशिष्ठी (चिपळूण)

मी लोट्यातच दुसऱ्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. सगळी चर्चा झोपेची झाली, पण घाटवाट यांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलेली गोष्ट कोणी धरली नाही. ते सकाळी सहानंतर मोटरसायकलने परशुराम घाट उतरतात. साडेचारचा पेला काढून टाकायचा तर पहाटे चार ते सहा ही शरीराची सर्वांत मंद वेळ बिनकॉफीची जाईल आणि तशाच अवस्थेत ते दुचाकीवर बसतील. पावसात दरड येते, समोरून कंटेनर वळण कापून येतात, आणि तिथे एक डुलकी म्हणजे काय ते सांगायला नको. दिवसाची दोन तासांची झोप वाचवण्यासाठी मी हा धोका पत्करू देणार नाही. साडेचारचा पेला राहू द्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

औषधमात्रा

वाशिष्ठी यांचा मुद्दा माझ्या हिशेबात आला नव्हता आणि तो माझ्या हिशेबाहून वजनदार आहे. घाट उतरायचा असेल तर झोपेआधी जागेपण, यात दुमत नाही. तरीही एक तिसरी वाट पाहता येईल. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात पेंगुळलेल्या चालकांवर गाडी चालवण्याच्या कृत्रिम यंत्रात प्रयोग झाले. कॅफिन घेऊन लगेच पंधरा मिनिटांहून कमी वेळाची डुलकी घेणाऱ्यांच्या हातून, नुसते कॅफिन घेणाऱ्यांपेक्षा कमी चुका झाल्या. कॅफिनला रक्तात भरायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात डुलकीने गर्दी थोडी कमी होते. घाटवाट यांना तीनच्या सुमारास जेवणाच्या सुट्टीत अर्धा पेला घेऊन पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटता आले, तर अर्ध्या पेल्यातील ४० मिलिग्रॅमपैकी आठ वाजता फक्त २० उरतील. डुलकी वीस मिनिटांहून लांबवू नये, नाही तर जाग येताना माणूस बधिर उठतो. आणि उठल्यावर दहा मिनिटे तरी पॅनेलला हात लावू नये.

घाटवाट

सर, कागदावर हे उत्तम आहे. आमच्याकडे पाळीत डोळे मिटलेले दिसले की मेमो मिळतो, सुट्टी असो वा नसो. सुट्टी वीस मिनिटांची, त्यात जेवायचे. मागे एका सहकाऱ्याने भिंतीला टेकून डोळे मिटले होते, त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी कापली.

वाशिष्ठी

हा नियम आमच्याकडेही होता. डुलकी हा शब्द न वापरता ‘नियोजित विश्रांती’ म्हणून, बदली माणूस पॅनेलवर बसवून आणि नोंदवहीत सही करून तो पंधरा मिनिटांपुरता सैल करून घेतला, पण त्याला व्यवस्थापनाची मान्यता लागते. ती मिळेपर्यंत पाळी सुटल्यावर, आंघोळीच्या जागेशेजारच्या विश्रांतिकक्षात वीस मिनिटे टेकून मगच निघावे. त्या वेळी आपण कामावर नसता, मेमो कोणी देऊ शकत नाही. कॉफीशिवायची ती वीस मिनिटेही घाटासाठी पुष्कळ आहेत. कंपनीची बस असेल तर मोटरसायकल घरीच ठेवावी, मग साडेचारच्या पेल्याचा प्रश्नच उरणार नाही.

सुपारीबाग

बस पकडायची म्हणजे घरी पोहोचायला अर्धा तास उशीर, झोप तितकी पुढे आणि ऊनही तितके चढलेले. माणूस मोटरसायकल का घेतो, याचाही विचार व्हावा.

निशिगंधा

सुपारीबाग यांचे हे बरोबर आहे, म्हणून घरच्या बाजूनेही थोडे पाहा. पातळ पडद्यावर जाडसर चादर किंवा घडी केलेली घोंगडी टाकून खोली काळोखी करा, आणि घरी येताना काळा चष्मा लावत असाल तर तो घाटात नको, घाट उतरून गावात शिरल्यावरच. आमच्या वॉर्डातील एका सिस्टरने आधी कॉफीची वेळ बदलली, तेव्हा फरक थोडाच पडला. खिडकी झाकल्यावर तिची झोप एकच्या पुढे गेली. यात कॉफीचा वाटा किती आणि काळोखाचा किती, हे मी सांगू शकत नाही.

आणखी एक. चहाही हिशेबात धरा. एका कप चहात साधारण ४० मिलिग्रॅम कॅफिन असते. पहाटेची कॉफी सोडून त्या जागी दोन कप चहा घेतला तर काहीच सोडले नाही असे होईल. काही औषधांनीही कॅफिन अंगात जास्त वेळ राहते. सिप्रोफ्लॉक्सासिनचा कोर्स चालू असताना नेहमीच्या कॉफीने रात्रभर धडधड झालेले रुग्ण मी पाहिले आहेत.

घाटवाट

या आठवड्यात तिसरी पाळी होती, म्हणून काय केले ते कळवतो. पहिला पेला घरून निघण्याआधी साडेनऊला घेतला, दुसरा एक वाजता, साडेचारला काही नाही. पाळी सुटल्यावर विश्रांतिकक्षात बाकावर टेकून मग निघालो. चार ते साडेपाच हा वेळ वाईट गेला, ते लपवत नाही. दर थोड्या वेळाने उठून पॅनेलभोवती चकरा मारल्या आणि एकदा एक वाचन दोनदा नोंदवले गेले. पहिल्या दोन सकाळी डोके ठणकत होते. त्यानंतर झोप साडेबारापर्यंत लागू लागली, खिडकीवर घोंगडी टाकलेली होती.

वजनही करून पाहिले. कॉफीच्या आणि बिनकॉफीच्या रात्री दोन्हीकडे सुमारे एक किलो घटले, आणि फेरीआधी-फेरीनंतर पाणी प्यायलो त्या रात्री जेमतेम पाव किलो. आईला हे दाखवले. ती म्हणाली, पाणी प्यायला लागलास हेच खूप झाले, पण कॉफी उष्ण ती उष्णच.

आता पुढचा प्रश्न. रविवारी सकाळी तिसरी पाळी संपते आणि सोमवारी सकाळी सहाला पहिली पाळी सुरू होते. रविवारी दिवसा झोपलो तर रात्री झोप नाही, न झोपलो तर दिवसभर पेंग. त्या दिवशी कॉफी कधी घ्यावी?

औषधमात्रा

डोके ठणकणे हे पहाटेचा पेला बंद झाल्याचे लक्षण असू शकते; दोन-चार दिवसांत ते जाते, तसे ते गेलेही. वाचन दोनदा नोंदवले गेले ही गोष्ट मात्र मला हलकी वाटत नाही. त्या वेळेपुरता पाव पेला, म्हणजे २० मिलिग्रॅम, तीन वाजता घेऊन पाहावे. लहान मात्रा थोड्या थोड्या वेळाने घेतल्यास जागेपण बरे टिकते, असे लांब जागरणाच्या प्रयोगांत दिसले आहे.

रविवारचे म्हणाल तर, सकाळी परतल्यावर दीड-दोन तासच झोपावे, दुपारी बारानंतर कॉफी-चहा दोन्ही बंद ठेवावे आणि रात्री नऊला आडवे व्हावे, असे मी सुचवेन.

वाशिष्ठी

मला हे पटत नाही. दोन तासांच्या झोपेवर रविवारची संध्याकाळ ढकलून सोमवारी पहाटे पाचला पुन्हा तोच घाट चढायचा. त्यापेक्षा पहिली पाळी एक दिवस उशिरा सुरू करण्याची मागणी युनियनमार्फत करावी. आमच्या बाजूच्या कारखान्यात ती मान्य झाली आहे. घाटवाट, तुमच्याकडे पाळीचा तक्ता कोण लावतो, कारखाना व्यवस्थापक की कंत्राटदार?

घाटवाट

कंत्राटदार लावतो. मंगळवारी त्याची गाठ घेतो आणि इथे कळवतो.